चार्टरवर सही कोणाची आणि प्लॅन कोणाचा?

*सप्रेम नमस्कार. मी नागपुरातील संत्र्यांचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीत व्यवस्थापक आहे. काटोल रस्त्यावरच्या आमच्या गोदामात संत्री धुणे, मेण लावणे आणि प्रतवारी करणे यासाठी तासाला पाच टन क्षमतेची लाइन बसवायची आहे आणि मृग बहराचा माल येण्यापूर्वी ती चालू झाली पाहिजे, असे मोठ्या साहेबांनी सांगितले आहे. धाकट्या साहेबांना त्याच कामात शीतगृहही हवे आहे. सल्लागारांनी ‘आधी प्रोजेक्ट चार्टर करा’ असे सांगितल्यावर मी तारखांचा तक्ता, अंदाजपत्रक, कोटेशन असे सगळे घालून ४६ पानांचा दस्तऐवज केला. मोठ्या साहेबांनी तो चाळला आणि सही न करता बाजूला ठेवला. सल्लागार म्हणतात, ‘हा चार्टर नाही, अर्धवट प्लॅन आहे.’ या दोहोंत नेमका फरक काय आणि कशात काय लिहायचे?*

*एक वाचक, नागपूर*

नमस्कार.

सही न होण्याचे कारण पानांच्या संख्येत शोधू नका. पायाची खोली, पॅनेलचे कोटेशन, डिसेंबरातली वाहतूक अशा गोष्टींवर सही करणे म्हणजे त्या सगळ्या तपासून मान्य केल्याची जबाबदारी घेणे, आणि ती मोठ्या साहेबांनी घ्यावी ही अपेक्षाच रास्त नाही. जे त्यांनी ठरवायला हवे होते ते वेगळे होते: हे काम कशासाठी करायचे, जास्तीत जास्त किती पैसा घालायचा, शीतगृह यात धरायचे की नाही आणि तुम्हाला कशाकशाचा अधिकार द्यायचा. या चार गोष्टींचा निर्णय त्या दस्तऐवजात कुठेच मागितलेला नसावा, असा माझा अंदाज आहे.

चार्टर हा पैसा घालणाऱ्याचा निर्णय असतो आणि प्लॅन हा काम पार पाडणाऱ्याचा हिशेब असतो. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेची परिभाषा आपल्याकडचे बहुतेक सल्लागार वापरतात. तिच्यानुसार चार्टर स्पॉन्सर, म्हणजे प्रकल्पाची आर्थिक आणि व्यावसायिक जबाबदारी घेणारी व्यक्ती, जारी करते. त्यामुळे प्रकल्प अधिकृतपणे अस्तित्वात येतो आणि प्रकल्प व्यवस्थापकाला कंपनीची माणसे, पैसा व साधने त्या कामासाठी वापरण्याचा अधिकार मिळतो. मसुदा बहुधा व्यवस्थापकच लिहितो आणि तुम्हीही लिहावा, परंतु तो निघतो स्पॉन्सरच्या नावाने. प्लॅन मात्र चार्टरवर सही झाल्यानंतर, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना बरोबर बसवून तुम्ही तयार करता, आणि त्यात लिहिलेल्या प्रत्येक तारखेचे उत्तर तुम्हाला द्यावे लागते.

तुमचेच काम घेऊन दोन्ही दस्तऐवज कसे उभे राहतील ते पाहू. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत; तुमची कोटेशन हाती घेऊन ते बदलावेत.

चार्टर दोन-तीन पानांत बसला पाहिजे आणि त्याची सुरुवात हेतूने झाली पाहिजे. ‘प्रतवारीची लाइन बसवणे’ हा हेतू नव्हे, तो उपाय झाला. हेतू असा लिहावा की, सध्या माल हाताने निवडला जातो, ऐन हंगामात दिवसाला पंधरा टनांच्या पुढे जाता येत नाही आणि पेटीत फळाचा आकार एकसारखा नसल्यामुळे दूरच्या बाजारातले खरेदीदार भाव कापतात; ही अडचण दूर करायची आहे. असे लिहिल्याचा फायदा पुढे दिसतो. उद्या कोणी लाइनला आणखी एखादे यंत्र जोडण्याचा प्रस्ताव आणला, तर ते या अडचणीवर काही उपाय करते का, एवढेच विचारून निकाल लावता येतो.

हेतूनंतर यशाचे माप लिहावे, आणि ते मोजता येईल असेच असावे. तासाला पाच टनांची लाइन म्हटली की आठ तासांच्या पाळीत चाळीस टन, असा हिशेब सहज केला जातो. पण क्रेट रिकामे करताना जाणारा वेळ, आकार बदलताना करावी लागणारी जुळवणी आणि ब्रशची सफाई धरली, तर पूर्ण क्षमतेने आठही तास कोणतीच लाइन चालत नाही. म्हणून ‘३१ जानेवारीपर्यंत आठ तासांच्या एका पाळीत ३५ टन माल, सलग तीन दिवस, आणि प्रतवारीत चुकलेली फळे शेकडा पाचांहून अधिक नाहीत’ असे माप धरू. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण याच वाक्यावर पुढे प्लॅन आक्षेप घेणार आहे.

त्यानंतर हद्द. काय करायचे ते लिहिणे सोपे असते. काय करायचे नाही ते लिहिताना हात अडखळतो, आणि तुमच्या बाबतीत संपूर्ण पेच तिथेच आहे. लाइन, तिचा पाया, धुण्याच्या पाण्याचा निचरा, वाढीव वीजभार आणि चालकांचे प्रशिक्षण या गोष्टी आत आहेत. शीतगृह, शीतवाहने आणि गोदामाचे नवे छप्पर बाहेर आहेत, असे स्पष्ट लिहा किंवा शीतगृह आत आहे असे स्पष्ट लिहा. दोघा साहेबांमध्ये मतभेद आहे म्हणून ते वाक्य गुळमुळीत ठेवण्याचा मोह होईल. तसे केले, तर शीतगृहासाठी लागणारा वीजभार अर्जात धरायचा की नाही, हा प्रश्न सप्टेंबरातच तुमच्यासमोर उभा राहील आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार तुमच्याकडे नसेल.

याच कारणाने स्पॉन्सर एकच असावा. दोघांनाही मान द्यायचा म्हणून दोघांची नावे घातली, तर पहिल्याच वादात तुम्ही निरोप्या होऊन बसाल. मोठे साहेब स्पॉन्सर असतील, तर धाकट्या साहेबांचे नाव ज्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे अशांच्या यादीत पहिले घाला. सही करण्यापूर्वी दोघांना एकत्र बसवून हद्दीचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. वाद व्हायचा असेल तर तो या टेबलावर झालेला बरा, कारण या घडीला एकही रुपया खर्च झालेला नसतो.

पैशाची मर्यादा चार्टरमध्ये एका आकड्यात येते, समजा दोन कोटी चाळीस लाख. कोटेशनचा तपशील इथे नको. मुख्य टप्पेही चारच पुरेत: यंत्राची ऑर्डर, पाया पूर्ण, वीजजोडणी, चाचणी यशस्वी. जोखमींपैकी फक्त त्या लिहाव्यात ज्यांमुळे मालकाचा निर्णयच बदलू शकतो, आणि जे गृहीत धरले आहे तेही लिहावे; उदाहरणार्थ, गोदामाची फरशी सोडता बाकी इमारत आहे त्या स्थितीत वापरता येईल. सोबत काम थांबवण्याची अट एका वाक्यात असावी: ‘३० सप्टेंबरपर्यंत वाढीव वीजभाराबाबत महावितरणकडून अनुकूल उत्तर मिळाले नाही, तर काम थांबवून पुढच्या अंबिया बहरासाठी फेरविचार केला जाईल.’ ही अट बहुतेक जण गाळतात, कारण काम सुरू होण्याआधीच ते थांबवण्याची भाषा अशुभ वाटते. पण ती नसली की अडकलेले काम नुसते ओढत राहते आणि थांबवण्याचा निर्णय कोणीच घेत नाही.

आता चार्टरमधला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो, तो म्हणजे तुमचा अधिकार. ‘व्यवस्थापक प्रकल्पाची सर्व जबाबदारी पाहतील’ या वाक्याने जबाबदारी येते, अधिकार येत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे:

‘मंजूर अंदाजपत्रकातील कोणत्याही एका बाबीत दोन लाख रुपयांपर्यंतची खरेदी किंवा बदल प्रकल्प व्यवस्थापक स्वतःच्या सहीने करू शकतील. त्यापुढील रकमेसाठी स्पॉन्सरची लेखी संमती लागेल आणि ती मागितल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत होकार किंवा नकार कळवला जाईल. गोदाम विभागातील एक पर्यवेक्षक आणि एक विद्युत तंत्रज्ञ १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी या काळात आठवड्यातील तीन दिवस या कामासाठी मोकळे केले जातील.’

शेवटचे वाक्य वाचून ते क्षुल्लक वाटेल. पण अंबिया बहराचा माल साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतो, म्हणजे तुमचे बांधकाम आणि गोदामाचा सर्वांत धावपळीचा काळ एकच आहे. त्या दिवसांत गोदामाचे प्रमुख आपला पर्यवेक्षक सोडणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही सोडला नसता. अशा वेळी तुमच्या विनंतीपेक्षा मालकाच्या सहीचे वाक्य उपयोगी पडते, आणि ते वाक्य तुमच्या प्लॅनमध्ये असून भागत नाही, कारण प्लॅनवर त्या प्रमुखांना बांधणारी सही नसते.

एवढे झाले की चार्टर पूर्ण झाला. समजा त्यावर १० ऑगस्टला सही झाली. आता प्लॅन.

प्लॅन म्हटले की पडद्यावरचा आडव्या पट्ट्यांचा तक्ता, असा समज तुमच्याकडेच नव्हे, मोठ्या कंपन्यांतही आढळतो. तो तक्ता प्लॅनचा एक भाग आहे आणि तो पहिला भागही नाही. पहिला भाग आहे कामाची फोड. संपूर्ण काम अशा तुकड्यांत फोडायचे की प्रत्येक तुकड्याला एक जबाबदार माणूस असेल, त्याचा वेळ व खर्च अंदाजता येईल आणि तो पूर्ण झाला की नाही हे डोळ्यांनी पाहून सांगता येईल. यंत्र विकणाऱ्याच्या कोटेशनवरून फोड केली तर हमखास काही कामे सुटतात, कारण त्याच्या कोटेशनमध्ये फक्त त्याचे काम असते. निचऱ्याची नाली, धुतलेल्या पाण्याची विल्हेवाट, अन्न परवान्यातील फेरबदल, चालकांचे प्रशिक्षण, जुनी निवडीची टेबले हलवून अंबियाचा माल गोदामाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात निवडण्याची सोय आणि धूळ अडवणारे तात्पुरते विभाजन, ही सगळी कामे तुमची आहेत. तुमच्या ४६ पानांत ही आहेत का, ते एकदा तपासा.

फोड झाली की कोणते काम कशावर अवलंबून आहे ते मांडायचे. तुमच्या कामात तीन वाटा समांतर चालतील. पहिली यंत्राची: नकाशे मंजूर करून २५ ऑगस्टला ऑर्डर, तिथून चौदा आठवडे यंत्र बनवायला म्हणजे १ डिसेंबर, वाहतूक ८ डिसेंबरपर्यंत, चार आठवड्यांची उभारणी ५ जानेवारीपर्यंत आणि दोन आठवड्यांची चाचणी १९ जानेवारीपर्यंत. हातात बारा दिवस शिल्लक राहतात. दुसरी बांधकामाची: पायाचा नकाशा ऑर्डरनंतर तीन आठवड्यांनी, १५ सप्टेंबरला मिळेल, फरशी कापणे, पाया आणि नाली यांना पाच आठवडे व काँक्रीट मुरायला चार आठवडे धरले तर १७ नोव्हेंबर. यंत्र ८ डिसेंबरला येणार, म्हणजे इथे तीन आठवडे मोकळे आहेत.

तिसरी वाट विजेची. यंत्राच्या मोटारींची यादी मिळाल्याशिवाय एकूण भार काढता येत नाही, आणि ती यादी पायाच्या नकाशाबरोबर १५ सप्टेंबरला येणार असे विक्रेत्याने सांगितले आहे. त्यानंतर महावितरणकडे अर्ज, जागेची पाहणी, मंजुरी, रक्कम भरणे, रोहित्र आणि पॅनेलची खरेदी व उभारणी, विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि प्रत्यक्ष जोडणी, असे मिळून अठरा आठवडे धरले तर १९ जानेवारी उजाडते. लाइन पूर्ण भारावर चालवल्याशिवाय चाचणी होत नाही, म्हणून तिथून पुढे दोन आठवडे, म्हणजे २ फेब्रुवारी. चार्टरमधली तारीख दोन दिवसांनी हुकली, आणि तीही एकही काम रेंगाळले नाही असे धरून.

ज्या वाटेवरचा एका दिवसाचा उशीर संपूर्ण प्रकल्पाला एक दिवस मागे ढकलतो तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. सर्वांचे लक्ष यंत्रावर असताना तुमचा क्रिटिकल पाथ विजेच्या वाटेने जातो आहे, हे फक्त असे मांडल्यावर दिसते. उपायही त्याच मांडणीत आहे. पक्की यादी १५ सप्टेंबरला मिळणार असली, तरी मोटारींची संख्या आणि अश्वशक्ती विक्रेत्याला कोटेशन देतानाच बहुतांशी ठाऊक असते. २५ ऑगस्टच्या ऑर्डरमध्येच ‘विद्युतभाराची सही केलेली यादी ऑर्डरसोबत द्यावी’ अशी अट घातली, तर विजेची वाट तीन आठवडे आधी सुरू होते आणि २९ डिसेंबरला संपते. क्रिटिकल पाथ पुन्हा यंत्राच्या वाटेवर येतो आणि बारा दिवसांची सवड टिकते. यासाठी चार्टरला हात लावावा लागला नाही आणि मोठ्या साहेबांकडे जावे लागले नाही. कामांचा क्रम, दुवे आणि करारातल्या अशा अटी हे पूर्णपणे तुमचे क्षेत्र आहे.

आता यशाच्या मापाचे ते वाक्य पुन्हा काढा. सलग तीन दिवस ३५ टन म्हणजे १०५ टन संत्री, आणि तुमची चाचणी ५ ते १९ जानेवारीच्या दरम्यान आहे. अंबियाचा माल डिसेंबरात संपत येतो आणि मृगाचा माल साधारण फेब्रुवारीपासून लागतो. म्हणजे लाइन तयार, वीज तयार, माणसे तयार, पण मापाप्रमाणे चाचणी घ्यायला बाजारात पुरेसे फळ नाही, अशी स्थिती येईल. चार्टर लिहिताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण तिथे महिना आणि मालाचे प्रमाण एकमेकांशेजारी मांडलेले नसते. प्लॅनमध्ये ते मांडावेच लागते.

इथे मात्र तुम्ही स्वतःच्या अधिकारात ‘चाचणी थोडी कमी मालावर घेऊ’ असे ठरवू नये. यशाचे माप स्पॉन्सरने ठरवलेले आहे, म्हणून त्याच्याकडे परत जावे, आणि जाताना पर्याय घेऊन जावे. माझ्या मते योग्य पर्याय असा: चाचणीचे दोन भाग करावेत. डिसेंबरच्या अखेरीस दहा टन अंबिया फळ भाड्याच्या शीतगृहात राखून ठेवावे आणि जानेवारीत त्यावर लाइन पूर्ण क्षमतेने दोन तास चालवून पाहावी. तीन दिवसांची मोठी चाचणी मृगाचा माल लागल्यावर, २० फेब्रुवारीपर्यंत घ्यावी. मोठ्या साहेबांनी हे मान्य केले, तर चार्टरमधील ते वाक्य बदलून, सुधारणेची तारीख घालून, त्यांची पुन्हा सही घ्यावी. शिवाय यंत्र विक्रेत्याचा शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता मोठ्या चाचणीनंतरच द्यायचा, हे ऑर्डरमध्ये आधीच लिहिलेले हवे. नाहीतर जानेवारीतल्या दोन तासांच्या चाचणीवर तो आपले पैसे मागेल, आणि करारात दुसरे काही नसेल तर ते मागणे चुकीचेही ठरणार नाही.

हा सगळा विचार २५ ऑगस्टपूर्वी व्हायला हवा, हे तुमच्या लक्षात आले असेल. म्हणून चार्टरवर सही होताच प्लॅनला पंधरा दिवस द्या आणि ते होईपर्यंत ऑर्डरची घाई करू नका.

पैशाचा हिशेब प्लॅनमध्ये कसा बसतो तेही पाहू. यंत्र वाहतुकीसह एक कोटी तीस लाख, बांधकाम ३८ लाख, वीज ३४ लाख आणि सल्लागार, परवाने, प्रशिक्षण, चाचणी मिळून १२ लाख, असे दोन कोटी चौदा लाख होतात. ज्या जोखमी आधीच दिसत आहेत, उदाहरणार्थ फरशीखाली भराव पोकळ निघणे किंवा केबलचे अंतर वाढणे, त्यांच्यासाठी १४ लाखांची राखीव रक्कम धरली की दोन कोटी अठ्ठावीस लाख. हा तुमचा पायाभूत खर्च, ज्याला सल्लागार बेसलाइन म्हणतील, आणि प्रत्यक्ष खर्च दर महिन्याला याच्याशी ताडून पाहायचा. चार्टरची मर्यादा दोन कोटी चाळीस लाखांची आहे. उरलेले १२ लाख कोणालाही न सुचलेल्या गोष्टींसाठी स्पॉन्सरकडे राहतात आणि तुम्ही ते आपल्या अंदाजपत्रकात मोजत नाही. अनेक व्यवस्थापक मर्यादा हेच अंदाजपत्रक धरून चालतात, आणि पहिला धक्का बसला की मर्यादाच ओलांडली जाते.

प्लॅनचे बाकीचे भाग तुमच्या आकाराच्या कामात प्रत्येकी अर्ध्या-एका पानात आटोपतात. गुणवत्ता कशी तपासायची, कोणाला किती दिवसांनी कोणता अहवाल द्यायचा, कोणती वस्तू कशा पद्धतीने खरेदी करायची आणि जोखमींची यादी. या यादीबाबत एकच सांगतो: प्रत्येक जोखमीपुढे एका माणसाचे नाव आणि ती खरी ठरते आहे हे ओळखण्याची खूण लिहा. ‘वीजजोडणीस उशीर’ एवढे लिहून उपयोग नाही. ‘१५ ऑक्टोबरपर्यंत भरायच्या रकमेचे पत्र आले नाही, तर विद्युत तंत्रज्ञांनी त्याच दिवशी कळवायचे आणि चाचणीसाठी भाड्याच्या जनरेटरची चौकशी सुरू करायची’ असे लिहिले तर यादीला अर्थ आहे.

प्लॅनमधील शेवटचा आवश्यक भाग म्हणजे बदल कसा करायचा याचे नियम. प्लॅन एकदा मान्य झाला की कामाची व्याप्ती, तारखा आणि खर्च हे तिन्ही गोठवायचे, आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल लिहून, त्याचा तारखेवर व पैशावर होणारा परिणाम काढूनच स्वीकारायचा किंवा नाकारायचा. परिणाम चार्टरमधील हेतू, यशाचे माप, हद्द, एकूण मर्यादा किंवा शेवटची तारीख यांना धक्का लावत नसेल, तर तुमच्या अधिकाराच्या रकमेपर्यंत निर्णय तुम्ही घ्यायचा. रक्कम त्याहून मोठी असली तर चार्टरमधील अटीप्रमाणे स्पॉन्सरची लेखी संमती घ्यायची. हेतू, माप, हद्द, मर्यादा किंवा तारीख यांपैकी एकालाही धक्का लागत असेल, तर आधी चार्टर बदलायचा आणि मग प्लॅन. पाया एक आठवडा लांबला आणि मोकळ्या तीन आठवड्यांत सामावला, तर प्लॅनमध्ये नोंद करून पुढे जा. नालीचा मार्ग बदलून दीड लाख वाढले, तर राखीव रकमेतून तुमच्या सहीने द्या. मात्र चाचणीचे माप, जसे वर पाहिले, तुमच्या सहीने बदलत नाही.

तुमचे सल्लागार ब्रिटनमधील प्रिन्स टू पद्धतीने काम करणारे असतील, तर त्यांच्या कागदांवर चार्टर हे नाव दिसणार नाही; तिथे आरंभीचा ब्रीफ आणि नंतरचा इनिशिएशन डॉक्युमेंटेशन अशी वाटणी असते. नावांवर वेळ घालवू नका. काम सुरू करण्याचा निर्णय आणि तुमचा अधिकार कोणत्या कागदावर कोणाच्या सहीने आला, एवढे त्यांना विचारा.

तुमच्या ४६ पानांचे आता काय करायचे? अंदाजपत्रक, तक्ता आणि कोटेशन बाजूला ठेवा. फोड पुन्हा तपासल्यावर ती प्लॅनमध्ये जातील. हेतू, माप, हद्द, मर्यादा, चार टप्पे, मोठ्या जोखमी, थांबण्याची अट आणि अधिकार एवढेच घेऊन नवा मसुदा लिहा. त्यात शीतगृह ‘हद्दीबाहेर’ असे लिहा, पण खाली एक ओळ जोडा: ‘शीतगृहाचा स्वतंत्र प्रस्ताव मृग हंगामानंतर विचारात घेतला जाईल, मात्र वीजभाराचा अर्ज करताना भविष्यातील त्या भाराचाही विचार करावा की नाही, याचा निर्णय स्पॉन्सर २० ऑगस्टपूर्वी देतील.’ धाकट्या साहेबांचा मुद्दा यामुळे नाकारला जात नाही. तरीही हंगामाच्या मध्यावर शीतगृह आताच हवे असे दोघांनी ठरवले, तर ते जरूर करावे. पण त्या दिवशी चार्टरची सुधारित प्रत नव्या मर्यादेसह, नव्या तारखेसह आणि सहीसह निघाली पाहिजे, प्लॅन नव्याने गोठवला पाहिजे, आणि जुन्या दोन्ही प्रती तारीख टाकून फाइलमध्ये ठेवल्या पाहिजेत, म्हणजे मार्चमध्ये खर्च का वाढला असे विचारले गेल्यास उत्तर कागदावर मिळेल.